रोजकीर्द, खातेवही, तेरीज: एका महिन्याचे व्यवहार सोडवताना चुका कुठे लपतात

अकाउंटिंगच्या असाइनमेंटमध्ये तेरीज जुळली की विद्यार्थी वही मिटतो. शेवटी दोन्ही बाजूंना एकच आकडा, खाली दुहेरी रेघ, काम संपले. वही तपासून परत येते तेव्हा मात्र दोन-तीन ठिकाणी लाल खुणा असतात आणि प्रश्न पडतो की तेरीज तर जुळली होती, मग चुकले कुठे?

तेरीज एवढेच सांगते की खातेवहीत जितकी रक्कम नावे आहे तितकीच जमा आहे. ती रक्कम योग्य खात्यात गेली का, मुळात बरोबर होती का, एखादा व्यवहार खतवायचा राहिला का, यांतले काहीच ती सांगत नाही. म्हणून खाली एका छोट्या दुकानाचा एक महिना पूर्ण सोडवून दाखवला आहे आणि तपासण्या शेवटी एकदम न देता जिथे करायच्या तिथेच दिल्या आहेत. अकरावी-बारावीचे पुस्तपालन असो वा प्रथम वर्ष बी.कॉम., रीत तीच.

## व्यवहार

स्वातीने १ एप्रिल २०२५ रोजी इलेक्ट्रिकच्या सामानाचे दुकान सुरू केले. महिन्याचे व्यवहार असे (जीएसटी तूर्त बाजूला ठेवला आहे, त्याकडे नंतर येऊ):

- एप्रिल १: रोख १,५०,००० रु. आणि ३०,००० रु.चे फर्निचर आणून व्यवसाय सुरू केला.
- एप्रिल २: बँकेत चालू खाते उघडून १,००,००० रु. भरले.
- एप्रिल ४: मोहनकडून ५०,००० रु. छापील किमतीचा माल १०% व्यापारी सूट घेऊन उधार आणला.
- एप्रिल ८: रोख विक्री १८,००० रु.
- एप्रिल १०: नीताला २४,००० रु.चा माल उधार विकला.
- एप्रिल १२: मोहनला ५,००० रु. छापील किमतीचा माल परत केला.
- एप्रिल १५: नीताने पूर्ण हिशोबापोटी २३,५०० रु.चा चेक दिला. तो त्याच दिवशी बँकेत भरला.
- एप्रिल १८: मोहनला देणे असलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम २% रोख सूट घेऊन चेकने चुकती केली.
- एप्रिल २०: दुकानासाठी ७,००० रु.चा रॅक रोखीने घेतला. तो आणण्याचे गाडीभाडे ६०० रु. रोख दिले.
- एप्रिल २२: घरच्या वापरासाठी २,००० रु. खरेदी किमतीचा माल नेला.
- एप्रिल २८: जागामालक सुरेशला दुकानाचे भाडे ६,००० रु. चेकने दिले.
- एप्रिल ३०: नोकराचा पगार ८,००० रु. रोख दिला.

## रोजकीर्द: लिहिण्याआधी प्रत्येक ओळीला तीन प्रश्न

वहीत आखणी करण्याआधी कच्च्या कागदावर प्रत्येक व्यवहारासमोर तीन गोष्टी टिपून घ्या. कोणती दोन किंवा अधिक खाती लागतात, ती कोणत्या प्रकारची आहेत, आणि नेमकी रक्कम किती. नियम पाठ असतातच: व्यक्तिगत खात्यात घेणारा नावे, देणारा जमा. वास्तव खात्यात येणारे नावे, जाणारे जमा. नामधारी खात्यात खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. बहुतेकांची गाडी नियमावर अडत नाही. ती अडते खाते निवडताना आणि रक्कम ठरवताना.

पूर्ण रोजकीर्द अशी होते. जागा वाचवण्यासाठी इथे एकेका ओळीत दिली आहे. वहीत मात्र दिनांक, तपशील, खाते पान, नावे रक्कम, जमा रक्कम असे पाच रकाने आखा आणि प्रत्येक नोंदीखाली कंसात स्पष्टीकरण लिहा.

| दिनांक | नावे | जमा | नोंदीची रक्कम |
|---|---|---|---|
| १ | रोख १,५०,०००. फर्निचर ३०,००० | भांडवल | १,८०,००० |
| २ | बँक | रोख | १,००,००० |
| ४ | खरेदी | मोहन | ४५,००० |
| ८ | रोख | विक्री | १८,००० |
| १० | नीता | विक्री | २४,००० |
| १२ | मोहन | खरेदी परत | ४,५०० |
| १५ | बँक २३,५००. सूट दिली ५०० | नीता | २४,००० |
| १८ | मोहन २०,२५० | बँक १९,८४५. सूट मिळाली ४०५ | २०,२५० |
| २० | फर्निचर | रोख | ७,६०० |
| २२ | उचल | खरेदी | २,००० |
| २८ | भाडे | बँक | ६,००० |
| ३० | पगार | रोख | ८,००० |
| | | एकूण | ४,३९,३५० |

काही ओळी सरळ आहेत, त्यांवर वेळ घालवत नाही. बाकीच्या नीट पाहू.

४ तारखेची व्यापारी सूट पुस्तकात दिसतच नाही. ५०,००० मधून १०% वजा करून ४५,००० हीच खरेदीची रक्कम. ५,००० रु. ‘सूट मिळाली’ खात्यात टाकणे ही फार नेहमीची चूक. व्यापारी सूट बिलातच वजा होते आणि पैसे कधी दिले याच्याशी तिचा संबंध नसतो. रोख सूट मात्र पैसे चुकते करताना मिळते किंवा द्यावी लागते, म्हणून तिला स्वतंत्र खाते लागते. १५ आणि १८ तारखेच्या नोंदींत ते दिसते.

१२ तारखेची ओळ खरी फसवी. माल ५,००० रु.चा परत केला असे वाचले की हात आपोआप ५,००० लिहितो. पण तो माल आपल्याला पडला होता ४,५०० ला. मोहनने तो जितक्याला आपल्या नावावर मांडला, तितक्यालाच परत घेणार. प्रश्नात ‘छापील किमतीचा’ हा शब्द दिसला की आधीच्या खरेदीची सूट परतीलाही लावा. या एका ठिकाणी चूक झाली तर पुढे काय होते ते आपण शेवटी पाहणारच आहोत.

१८ तारखेला आधी मोहनची बाकी काढावी लागते: ४५,००० वजा ४,५०० म्हणजे ४०,५००. तिची निम्मी २०,२५०, तिच्यावर २% सूट ४०५, आणि चेक १९,८४५ चा. मोहनच्या नावे मात्र पूर्ण २०,२५० जातात, कारण त्याचे तेवढे देणे मिटले. चेकच्या रकमेइतकेच मोहनला नावे करून सूट लिहायचीच विसरणे, ही चूक पाहायची असेल तर कुठल्याही वर्गाच्या वह्या उघडा.

२० तारखेचे गाडीभाडे खर्चात टाकण्याचा मोह होतो. रॅक दुकानात येऊन वापरण्याजोगा होईपर्यंतचा खर्च त्याच्या किमतीतच धरतात, म्हणून फर्निचर ७,६०० ने नावे. पुढच्या महिन्यात याच रॅकची दुरुस्ती केली, तर ती मात्र खर्चात जाईल.

२२ तारखेला विक्री झालेली नाही. मालकाने माल खरेदी किमतीला घरी नेला, म्हणून विक्री खात्याला हात न लावता खरेदी कमी करायची. आणि २८ तारखेला सुरेशचे खाते उघडायचे नाही. भाडे हा दिलेला खर्च आहे. पैसे कोणाच्या हातात पडले याला महत्त्व नाही. भाडे देणे बाकी राहिले असते, तर गोष्ट वेगळी.

आता रोजकीर्दीची बेरीज. अनेक जण ती करतच नाहीत, किंवा केली तरी पान भरल्यावर पुढे न्यायला म्हणून करतात. इथे ती ४,३९,३५० आली. नावेचा रकाना आणि जमेचा रकाना दोन्ही या आकड्याला जुळले पाहिजेत. हा आकडा समासात पेन्सिलने लिहून ठेवा. तेरीज तपासताना याच आकड्याची गरज पडते आणि नेमका त्याच वेळी तो कोणाकडे नसतो.

## खतावणी

रोजकीर्दीतल्या प्रत्येक नोंदीच्या किमान दोन खतावण्या होतात, १, १५ आणि १८ तारखेच्या जोडनोंदींच्या तीन. नावे रक्कम त्या खात्याच्या डाव्या बाजूला, जमा रक्कम उजव्या बाजूला, आणि तपशिलात दुसऱ्या खात्याचे नाव. रोख खात्याच्या डाव्या बाजूला ‘रोख’ असे लिहिलेले दिसले, की खतावणी न समजता केली हे तपासणाऱ्याला लगेच कळते. तिथे ‘भांडवल’ किंवा ‘विक्री’ हवे.

क्रमाचा एक मुद्दा. खाते उघडून त्यातल्या महिन्याभराच्या सगळ्या नोंदी शोधत बसू नका. रोजकीर्दीत तारखेने चालत जा. एक नोंद पूर्ण खतवा, दोन्ही-तिन्ही ठिकाणी, आणि खतावणी झाली की लगेच खाते पानाच्या रकान्यात त्या खात्याचा पान क्रमांक लिहा. हा रकाना बहुतेक वह्यांत रिकामाच असतो किंवा असाइनमेंट संपल्यावर शोभेला भरलेला असतो. खरे तर त्याचा उपयोग एकच: क्रमांक आहे म्हणजे खतावणी झाली, रिकामा आहे म्हणजे राहिली. फोन आला, जेवायला उठलात, तर परत येऊन कुठून सुरुवात करायची हे तो रकाना सांगतो.

मोहनचे खाते जवळून पाहा, कारण त्यात सगळे आले आहे.

| नावे बाजू | रु. | जमा बाजू | रु. |
|---|---|---|---|
| एप्रिल १२ खरेदी परत | ४,५०० | एप्रिल ४ खरेदी | ४५,००० |
| एप्रिल १८ बँक | १९,८४५ | | |
| एप्रिल १८ सूट मिळाली | ४०५ | | |
| एप्रिल ३० शिल्लक पुढे नेली | २०,२५० | | |
| एकूण | ४५,००० | एकूण | ४५,००० |
| | | मे १ शिल्लक पुढे आणली | २०,२५० |

१८ तारखेच्या जोडनोंदीत मोहनच्या नावे २०,२५० ही एकच रक्कम आहे. पण समोर दोन खाती आहेत, म्हणून खातेवहीत ती १९,८४५ आणि ४०५ अशा दोन ओळींत येते. कोणी २०,२५० एकाच ओळीत लिहून तपशिलात दोन्ही नावे टाकतात. बेरीज बिघडत नाही, पण दोन ओळींत लिहिले तर नंतर शोधायला सोपे जाते.

शिल्लक काढताना जी बाजू मोठी, तिची बेरीज दोन्हीकडे लिहायची आणि फरक लहान बाजूला ‘शिल्लक पुढे नेली’ म्हणून मांडायचा. मोहनची जमा बाजू मोठी, म्हणून शिल्लक जमा, आणि १ मे रोजी ती जमा बाजूलाच खाली येते. तेरजेत शिल्लक घेताना ही खाली आणलेली बाजू पाहा. ‘पुढे नेली’ची ओळ पाहून उतरवले की बाजू उलटी होते.

नीताचे खाते २४,००० नावे आणि २४,००० जमा होऊन बंद होते. रोख खात्याची शिल्लक ५२,४०० नावे, बँकेची ९७,६५५ नावे. रोख खाते कधीच जमा शिल्लक दाखवू शकत नाही. गल्ल्यात नसलेले पैसे देता येत नाहीत. तसे दिसले तर तेरीज करायला बसूच नका, आधी रोखीच्या नोंदी पाहा. बँकेचे तसे नाही, ओव्हरड्राफ्ट असला तर जमा शिल्लक येते.

## तेरीज: ढोबळ आणि निव्वळ दोन्ही

असाइनमेंटमध्ये बहुधा निव्वळ तेरीज मागतात, म्हणजे फक्त शिल्लका. माझे म्हणणे असे की कच्च्या कागदावर ढोबळ तेरीजही करावीच. ढोबळ तेरजेत प्रत्येक खात्याच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा जशाच्या तशा घेतात, ‘शिल्लक पुढे नेली’ची ओळ न धरता.

| खाते | ढोबळ नावे | ढोबळ जमा | निव्वळ नावे | निव्वळ जमा |
|---|---|---|---|---|
| रोख | १,६८,००० | १,१५,६०० | ५२,४०० | |
| बँक | १,२३,५०० | २५,८४५ | ९७,६५५ | |
| फर्निचर | ३७,६०० | | ३७,६०० | |
| भांडवल | | १,८०,००० | | १,८०,००० |
| खरेदी | ४५,००० | २,००० | ४३,००० | |
| खरेदी परत | | ४,५०० | | ४,५०० |
| विक्री | | ४२,००० | | ४२,००० |
| मोहन | २४,७५० | ४५,००० | | २०,२५० |
| नीता | २४,००० | २४,००० | | |
| सूट दिली | ५०० | | ५०० | |
| सूट मिळाली | | ४०५ | | ४०५ |
| उचल | २,००० | | २,००० | |
| भाडे | ६,००० | | ६,००० | |
| पगार | ८,००० | | ८,००० | |
| एकूण | ४,३९,३५० | ४,३९,३५० | २,४७,१५५ | २,४७,१५५ |

ढोबळ बेरीज ४,३९,३५०, रोजकीर्दीची बेरीजही ४,३९,३५०. हा योगायोग नाही. रोजकीर्दीतली प्रत्येक रक्कम खातेवहीत एकदाच गेली असेल, तर असेच व्हायला हवे. व्यवसाय जुना असेल आणि खाती आरंभीच्या शिल्लकांनी सुरू होत असतील, पण त्यांची आरंभीची नोंद रोजकीर्दीत नसेल, तर त्या शिल्लका रोजकीर्दीच्या बेरजेत मिळवून तुलना करा.

या जास्तीच्या कामाचा फायदा २२ तारखेच्या नोंदीवर बघा. समजा ती नोंद रोजकीर्दीत लिहिली, पण खतवायची पूर्ण राहिली. खरेदी खाते ४३,००० ऐवजी ४५,००० दाखवेल आणि उचल खाते असणारच नाही. निव्वळ तेरजेत नावे बाजूला एकीकडे २,००० वाढले, दुसरीकडे २,००० घटले. एकूण बेरीज तीच, २,४७,१५५. पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तराशीही ती तंतोतंत जुळेल! मैत्रिणीच्या वहीशी पडताळली तरी संशय येणार नाही. ढोबळ बेरीज मात्र ४,३७,३५० येईल आणि रोजकीर्दीपेक्षा २,००० कमी पडेल. आता फक्त २,००० ची नोंद शोधायची.

बंद झालेले नीताचे खाते निव्वळ तेरजेत लिहायची गरज नाही. ढोबळ तेरजेत मात्र ते हवेच, नाहीतर २४,००० चा खड्डा दोन्ही बाजूंना पडतो. आणि महिनाअखेरचा शिल्लक माल प्रश्नाखाली समायोजन म्हणून दिला असेल, तर तो तेरजेत घुसवू नका. त्याची जागा पुढे, अंतिम खात्यांत.

## जुळत नसेल तेव्हा

पहिली गोष्ट, सगळे पुन्हा पहिल्या नोंदीपासून तपासत बसू नका. उलट्या दिशेने या. आधी तेरजेची बेरीज खालून वर करून बघा, मग शिल्लका खातेवहीतून नीट उतरवल्या का ते, मग प्रत्येक खात्याची शिल्लक, आणि सगळ्यात शेवटी खतावणी. चुका शेवटच्या टप्प्यात जास्त होतात, कारण तोपर्यंत माणूस कंटाळलेला असतो.

त्यासोबत फरकाच्या आकड्याकडे बघा. फरकाइतकीच एखादी शिल्लक किंवा नोंद दिसते का? दिसली तर ती एका बाजूला राहून गेली असण्याची शक्यता मोठी.

नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. ‘सूट दिली’चे ५०० चुकून तेरजेच्या जमा बाजूला लिहिले, तर नावे बाजू २,४६,६५५ आणि जमा बाजू २,४७,६५५ होते. फरक १,०००, निम्मा ५००. रक्कम उलट्या बाजूला गेली की एका बाजूने ती कमी होते आणि दुसरीकडे वाढते, म्हणून फरक दुप्पट पडतो. सुटीच्या दोन खात्यांत हे सर्रास होते. ‘सूट’ एवढेच लिहून ठेवले तर ते खाते दिलेल्या सुटीचे की मिळालेल्या, हे तासाभराने तुमच्याच लक्षात राहत नाही. खात्याचे नाव पूर्ण लिहा.

फरकाला ९ ने भाग जातो का, ही तिसरी कसोटी. बँकेची शिल्लक ९७,६५५ ऐवजी ९६,७५५ उतरवली, तर फरक ९००. दोन शेजारचे अंक एकमेकांच्या जागी गेले की फरकाला नेहमी ९ ने नि:शेष भाग जातो. इथे ९०० भागिले ९ म्हणजे १००. म्हणजे अदलाबदल हजार आणि शतकाच्या स्थानी आहे आणि त्या दोन अंकांत १ चा फरक आहे. ७ आणि ६. तेरजेत अशी रक्कम शोधायला मिनिटही लागत नाही. शून्य जास्त पडले तरी हीच कसोटी लागते: ४०५ चे ४,०५० झाले तर फरक ३,६४५, आणि त्याला ९ ने भागले की मूळ ४०५ च समोर येतात.

या कसोट्या संशयित दाखवतात, गुन्हेगार नव्हे. ९०० ला २ नेही भाग जातो आणि ९ नेही, त्यामुळे दोन्ही वाटा बघाव्या लागतात. दोन चुका एकत्र झाल्या असतील तर फरकाचा आकडा काहीच बोलत नाही.

अशा वेळी ढोबळ तेरीज पुन्हा मदतीला येते, कारण बिघाड कोणत्या बाजूला आहे ते तिच्यावरून कळते. ४ तारखेचे ४५,००० मोहनच्या जमा बाजूऐवजी नावे बाजूला खतवले असे धरा. ढोबळ नावे ४,८४,३५० आणि ढोबळ जमा ३,९४,३५०. रोजकीर्दीच्या आकड्यापेक्षा एक ४५,००० ने जास्त, दुसरा ४५,००० नेच कमी. उत्तर समोर आहे. एकच बाजू रोजकीर्दीशी जुळत नसेल, तर शोध त्या एका बाजूपुरता मर्यादित होतो आणि निम्मे काम वाचते.

फरक सापडतच नाही म्हणून तो सस्पेन्स खात्यात टाकून तेरीज जुळवायची पद्धत प्रत्यक्षात आहे आणि चुकांच्या दुरुस्तीच्या प्रकरणात तुम्ही ती शिकाल. पण साध्या असाइनमेंटमध्ये प्रश्नाने सांगितल्याशिवाय ती वापरू नका. शिल्लक हळूच बदलून बेरीज जुळवणे तर नकोच. तपासणारा आधी खाते बघतो आणि तिथला आकडा तेरजेत नसला की पुढचे सगळेच संशयाने वाचतो.

## जुळली, तरी चुकलेली

आता १२ तारखेकडे परत. समजा परत केलेला माल ५,००० ला लिहिला. मोहनची बाकी ४०,०००, निम्मी २०,०००, सूट ४००, चेक १९,६००. खतावणी अगदी नीट केली. तेरीज दोन्ही बाजूंना २,४७,४०० येईल आणि सुरेख जुळेल. ढोबळ बेरीजही रोजकीर्दीशी जुळेल, कारण मुळात रोजकीर्दच चुकली आहे. खरेदी परत, मोहन, बँक आणि सूट मिळाली, अशी चार खाती चुकीची, आणि कुठलीच कसोटी बोलत नाही.

अशा चुकांवर उपाय एकच, तेरीज मजकूर म्हणून वाचणे. एकेका खात्यावर बोट ठेवून विचारा, ही रक्कम कुठून आली आणि ती याच बाजूला असायला हवी का? मालमत्ता, खर्च आणि उचल नावे हवेत, भांडवल, देणी आणि उत्पन्न जमा. सुरेशला भाडे देताना त्याचे खाते नावे केले असेल, तर तेरजेत तो ६,००० चा ऋणको म्हणून उभा दिसेल. आपण सुरेशला काही विकले होते का? नाही. मग तो आपले देणे कसा लागतो? चूक तिथेच सापडते. गाडीभाडे वेगळ्या खर्च खात्यात दिसले तर विचारा, कशाचे भाडे? रॅकचे. मग ते इथे का? आणि १२ तारखेसाठी मोहनचे खाते वाचताना विचारा, त्याने हा माल मला कितीला दिला होता?

यासाठी रोजकीर्दीतले स्पष्टीकरण उपयोगी पडते. ‘(माल परत केल्याबद्दल)’ असे मोघम न लिहिता ‘(मोहनला छापील किंमत ५,००० वजा १०% सूट या दराने माल परत केल्याबद्दल)’ लिहिले, तर लिहिता लिहिताच रकमेची पडताळणी होते. परीक्षकालाही हिशोब कुठून आला ते कळते.

## जीएसटी दिला असेल तर

राज्यांतर्गत १८% जीएसटी सांगितला असेल, तर व्यापारी सूट वजा जाता उरलेल्या ४५,००० वर कर काढा, ५०,००० वर नाही. ९% प्रमाणे इनपुट सीजीएसटी ४,०५० आणि इनपुट एसजीएसटी ४,०५० नावे, खरेदी ४५,००० नावे आणि मोहन ५३,१०० जमा. कर खरेदी खात्यात मिसळू नका. माल परत करताना तोच कर त्या प्रमाणात उलटतो: मोहन ५,३१० नावे, खरेदी परत ४,५०० जमा आणि दोन्ही इनपुट खाती प्रत्येकी ४०५ ने जमा. हा शेवटचा भाग सर्वाधिक विसरला जातो. माल परराज्यातून आला असेल तर दोन खात्यांऐवजी एकच आयजीएसटी खाते.

## एक्सेलमध्ये करत असाल तर

काही कॉलेजांत आता असाइनमेंट शीटमध्ये मागतात. `Journal` नावाच्या शीटवर A मध्ये दिनांक, B मध्ये खाते, C मध्ये नावे, D मध्ये जमा ठेवा, प्रत्येक नोंदीतल्या प्रत्येक खात्याला एक ओळ. तेरजेच्या शीटवर A मध्ये आपली १४ खाती, आणि ढोबळ नावेसाठी B2 मध्ये:

```
=SUMIF(Journal!$B:$B,$A2,Journal!$C:$C)
```

जमेच्या रकान्यासाठी शेवटच्या `$C:$C` च्या जागी `$D:$D` लिहा. सूत्र खाली ओढा आणि रोजकीर्दीशी तपासणी एका सेलमध्ये ठेवा:

```
=SUM(Journal!C:C)-SUM(B2:B15)
```

उत्तर शून्य आले पाहिजे. आले नाही तर बहुधा खात्याचे नाव दोन ठिकाणी वेगळे टाइप झालेले असते. ‘भाडे’ आणि ‘भाडे’नंतर एक रिकामी जागा, हे डोळ्याला सारखे दिसते, एक्सेलला नाही. `Journal` शीटच्या तळाशी बेरजेची ओळ टाकली असेल तर तीही मोजली जाऊन फरक पडतो, म्हणून ती ओळ तिथे ठेवू नका. शीटमध्ये केले तरी खाती मागितली असतील तर ती दोन बाजूंची, शिल्लक पुढे नेऊन-आणून दाखवावी लागतात. सूत्राने काढलेली नुसती बेरीज म्हणजे खाते नव्हे आणि त्याचे गुण मिळत नाहीत.

वहीत करत असाल तर चुकलेल्या आकड्यावर दुसरा आकडा गिरवू नका. एका रेघेने खोडा आणि वर नवा लिहा. गिरवलेला ३ की ८ हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि फरक शोधताना तुम्हालाही.